कणसीमेची वाहकता कणापेक्षा जास्त आली, तर गणित कुठे चुकलं?

समोर झिर्कोनियाची एक पेलेट आहे असं धरू. पांढरी, दोन मिलिमीटर जाड, शेकडा ८ मोल यट्रिया घातलेली, चांगली सिंटर झालेली. दोन्ही तोंडांना एक सेंटीमीटर व्यासाचे प्लॅटिनम पेस्टचे गोल लावून भाजून घेतलेत. पेलेट भट्टीत ३०० अंश सेल्सिअसला ठेवली आहे. या तापमानाला तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकतात, म्हणजे ती वीज वाहते, फक्त इलेक्ट्रॉनांऐवजी आयनांच्या जोरावर. आता प्रश्न असा, की हे आयन नेमके अडतात कुठे? पेलेट म्हणजे एकसंध दगड नव्हे. दोन-दोन मायक्रॉनचे असंख्य स्फटिककण एकमेकांना चिकटून ती बनली आहे. आयनाला आधी कणाच्या आतून जावं लागतं, मग दोन कणांमधली सीमा ओलांडावी लागते, मग पुन्हा कण, पुन्हा सीमा. लॅबमध्ये सगळे ग्रेन आणि ग्रेन बाउंडरीच म्हणतात. मी इथे कण आणि कणसीमा म्हणतो.

साध्या डीसी मीटरने रोध मोजला तर एकच आकडा मिळतो. त्यात कण, कणसीमा आणि इलेक्ट्रोडपाशी होणारी अडवणूक, तिन्ही एकत्र मिसळलेले. त्या आकड्यावरून नवा पदार्थ वाईट आहे की सिंटरिंग वाईट झालंय, हे कळत नाही. पदार्थ वाईट असेल तर रचना बदलायची, सिंटरिंग वाईट असेल तर भट्टी आणि पावडर बघायची. दोन्ही कामं पूर्ण वेगळी. एसी लावून हा गुंता सोडवता येतो हे झिर्कोनिया-यट्रियावर जे. ई. बाउअर्ले यांनी १९६९ मध्ये दाखवलं. त्यांनी आलेख अ‍ॅडमिटन्सचा काढला होता. आज बहुतेक जण इम्पिडन्सचा काढतात, पण आतली कल्पना तीच.

ती कल्पना अशी. वीज वाहणारा पण फारशी चांगली न वाहणारा कुठलाही थर हा रोधही असतो आणि कपॅसिटरही असतो, दोन्ही एकाच वेळी, समांतर जोडलेले. कपॅसिटरची धारकता थराच्या जाडीवर ठरते. थर जितका पातळ, धारकता तितकी जास्त.

आता मनातल्या मनात एक खेळ करू. पेलेटच्या जाडीत, म्हणजे दोन मिलिमीटरमध्ये, दोन मायक्रॉनचे साधारण हजार कण ओळीने बसतात. म्हणजे वाटेत हजार सीमा. प्रत्येक सीमा विद्युतदृष्ट्या पाच नॅनोमीटर जाड धरली, आणि या सगळ्या सीमा सरकवून एकीकडे गोळा केल्या, तर त्यांचा मिळून पाच मायक्रॉनचा एक थर होईल. उरलेले जवळजवळ दोन मिलिमीटर म्हणजे निव्वळ कण. एक जाडजूड थर आणि त्याला लागून एक पापुद्रा. क्षेत्रफळ दोघांचं सारखंच, जाडीत मात्र सुमारे चारशे पटींचा फरक. म्हणून पापुद्र्याची धारकता कणांच्या धारकतेच्या चारशे पट. या मांडणीला विटांच्या रचनेचं मॉडेल म्हणतात, कारण कण म्हणजे विटा आणि सीमा म्हणजे मधला गिलावा असं चित्र डोळ्यांसमोर धरलेलं असतं. प्रवाहाला समांतर उभ्या असलेल्या सीमाही असतात, पण त्या पातळ आणि वाहकतेला कमी, त्यामुळे त्यांच्यातून जाणारा प्रवाह नगण्य धरतात.

रोध एकमेकांच्या जवळपासचे असले तरी धारकतेत चारशे पटींचा फरक आहे, आणि याच फरकाने दोघं वेगळे होतात. रोध आणि धारकता यांचा गुणाकार म्हणजे त्या थराला भरायला आणि रिकामा व्हायला लागणारा वेळ. एसीची वारंवारता या वेळेच्या मानाने फार जास्त असेल, तर थराचा कपॅसिटरच प्रवाह पलीकडे पोचवतो आणि रोध जणू नसल्यासारखा होतो. वारंवारता फार कमी असेल तर कपॅसिटर गप्प बसतो आणि पूर्ण रोध दिसतो. मधल्या पट्ट्यात दोघांची ओढाताण चालते. इम्पिडन्सचा वास्तव भाग आडव्या अक्षावर आणि काल्पनिक भाग (उणे चिन्ह काढून) उभ्या अक्षावर मांडला, तर या ओढाताणीचं चित्र अर्धवर्तुळाचं निघतं. अर्धवर्तुळाचा व्यास म्हणजे त्या थराचा रोध. अगदी शेंड्यावर जी वारंवारता असते, तिच्यावरून धारकता मिळते:

```
2π · f · R · C = 1        (f = शेंड्यावरची वारंवारता)
```

आमच्या पेलेटचा आलेख वाचू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज करून घेतलेत, पण ३०० अंशांच्या झिर्कोनियाला शोभतील असेच आहेत. डावीकडे, म्हणजे जास्त वारंवारतेकडे, पहिलं अर्धवर्तुळ आहे. ते शून्यापासून निघून ५० किलोओहमपाशी खाली येतं. शेंडा ३३० किलोहर्ट्झला. त्याच्या उजवीकडे दुसरं, ५० पासून ८० किलोओहमपर्यंत, शेंडा १.४ किलोहर्ट्झला. त्याच्याही उजवीकडे, काही हर्ट्झच्या खाली, वर चढत जाणारी शेपटी आहे. ती इलेक्ट्रोडची.

दोन अर्धवर्तुळांमधली दरी आडव्या अक्षाला टेकत नाही, हे इथेच सांगून टाकतो, कारण पहिल्यांदा आलेख बघणारा माणूस तिथेच बिचकतो. दरीचा तळ साधारण १७ किलोहर्ट्झला येतो आणि तो अक्षापासून चांगला पाच किलोओहम वर असतो. मोजणीत काही बिघडलंय असा त्याचा अर्थ नाही. त्या वारंवारतेला पहिल्या अर्धवर्तुळाचं शेपूट अजून पूर्ण संपलेलं नसतं आणि दुसऱ्याचं डोकं वर निघायला लागलेलं असतं, दोघांची बेरीज दिसते. आडव्या अक्षावर मात्र दरी बरोबर ५० किलोओहमच्या वरच असते, त्यामुळे नुसत्या नजरेनेही कणाचा रोध ठीक वाचता येतो. अट एकच. दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं ठेवा. सॉफ्टवेअर आपलं आपण उभा अक्ष ताणून टाकतं आणि मग दबलेलं अर्धवर्तुळ गोल दिसतं, गोल असलेलं अंड्यासारखं.

आता धारकता काढू. पहिल्या अर्धवर्तुळात ५० किलोओहम आणि ३३० किलोहर्ट्झ, म्हणजे धारकता साधारण ९.६५ पिकोफॅरड. दुसऱ्यात ३० किलोओहम आणि १.४ किलोहर्ट्झ, म्हणजे ३.८ नॅनोफॅरड. पिकोफॅरडच्या घरातलं ते कणांचं, नॅनोफॅरडच्या घरातलं ते सीमांचं, आणि मायक्रोफॅरडकडे झुकणारं असेल तर इलेक्ट्रोडचं. कुठलं अर्धवर्तुळ कशाचं हे ओळखण्याची पहिली खूण धारकता, जागा नव्हे. आलेखात डावीकडे दिसलं म्हणजे कणाचं, असं धरणारे पुष्कळ भेटतात. तापमान वाढवलं की कणाचं अर्धवर्तुळ यंत्राच्या टप्प्याबाहेर पळतं आणि डावीकडे पहिलं दिसणारं अर्धवर्तुळ सीमेचं असतं, तरी त्यावर कणाचंच नाव पडतं.

कणाची वाहकता काढणं सरळ आहे. जाडी ०.२ सेंटीमीटर, इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटीमीटर. जाडी भागिले क्षेत्रफळ ०.२५५. याला ५० किलोओहमने भागलं की ५.१ × १०⁻⁶ सीमेन्स प्रति सेंटीमीटर. कण जवळजवळ अख्खी पेलेट व्यापतात, त्यामुळे पेलेटची मापं हीच कणांची मापं, आणि हिशोब चोख.

हाच हिशोब सीमेला लावून बघा. ०.२५५ भागिले ३० किलोओहम. उत्तर ८.५ × १०⁻⁶. म्हणजे सीमेची वाहकता कणापेक्षा जास्त!

मी हे स्वतः केलंय. एका अहवालाच्या तक्त्यात दोन रकाने शेजारी-शेजारी होते, एक कणाचा, एक सीमेचा, आणि सीमेचा आकडा मोठा. खाली मीच लिहिलं होतं की सीमा आयनांना अडवतात. वाचणाऱ्याने पेन्सिलने एवढंच विचारलं होतं, 'अडवतात तर मग वाहतात जास्त कशा?' उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, आणि उत्तर वर सांगितलेल्या खेळातच होतं. तो ३० किलोओहमचा रोध दोन मिलिमीटरमध्ये पसरलेला नाही. तो पाच मायक्रॉनच्या पापुद्र्यात ठासून भरलेला आहे. पेलेटची जाडी वापरली की आपण सीमांना चारशे पट जाड समजतो, आणि तितक्याच पटीने त्यांची वाहकता फुगवून सांगतो.

सीमेची खरी जाडी माहीत नसताना दुरुस्ती करायची कशी? इथेच धारकता पुन्हा कामाला येते. कण आणि सीमा यांचा परावैद्युत स्थिरांक सारखाच आहे असं मानलं, तर धारकतांचं गुणोत्तर म्हणजेच जाड्यांचं गुणोत्तर. ३.७९ नॅनोफॅरड भागिले ९.६५ पिकोफॅरड म्हणजे ३९३. कण दोन मायक्रॉनचा, म्हणून सीमा २००० भागिले ३९३, साधारण ५ नॅनोमीटर. आणि खरी वाहकता:

```
σ_gb = (L/A) · (1/R_gb) · (C_g/C_gb)
     = 8.5e-6 / 393 ≈ 2.2e-8 S/cm
```

कणाच्या वाहकतेपेक्षा सुमारे २३५ पटींनी कमी. पेन्सिलवाल्या माणसाचं समाधान झालं.

यातली एक गोष्ट मला अजूनही फार देखणी वाटते. वरच्या शेंड्यांच्या वारंवारतांचं गुणोत्तर काढा: ३३० किलोहर्ट्झ भागिले १.४ किलोहर्ट्झ. उत्तर २३५ च्या आसपास, म्हणजे वाहकतांचंच गुणोत्तर. हा योगायोग नव्हे. रोधात जाडी वर असते आणि धारकतेत खाली, दोघांचा गुणाकार केला की जाडीही जाते आणि क्षेत्रफळही जातं. शेंड्याची वारंवारता निव्वळ पदार्थावर ठरते, थराच्या आकारावर नाही. त्यामुळे पेलेटची जाडी मोजायला विसरलात, कणांचा सरासरी आकार माहीत नाही, तरी 'सीमा कणापेक्षा किती पटींनी वाईट' याचं उत्तर आलेखावरच्या दोन वारंवारता देऊन टाकतात.

आता खऱ्या मोजणीत काय-काय आडवं येतं ते बघू. पहिली अडचण म्हणजे अर्धवर्तुळं पूर्ण अर्धी नसतात. ती दबलेली असतात, त्यांचं केंद्र अक्षाच्या खाली गेलेलं असतं. हजारो सीमा सगळ्या एकसारख्या कशा असतील? कुणाची भरण्या-रिकामं होण्याची वेळ थोडी जास्त, कुणाची कमी, म्हणून शेंडा पसरट होतो. फिटिंग करताना मग कपॅसिटरच्या जागी स्थिर-कला घटक घालतात, ज्याला सगळे सीपीई म्हणतात. त्याला दोन आकडे लागतात, Q आणि n. n बरोबर १ असला तर Q म्हणजेच धारकता. n कमी झाला की Q ही धारकता राहत नाही, तिचं एककसुद्धा फॅरड उरत नाही. तरी सॉफ्टवेअरच्या तक्त्यातला Q उचलून धारकता म्हणून छापण्याचा मोह होतोच. आमच्या सीमेचं अर्धवर्तुळ n = ०.९ इतकं दबलेलं असतं आणि शेंडा त्याच जागी असता, तर Q आला असता ९.४ × १०⁻⁹. तोच धारकता समजलात तर सीमेची जाडी पाचऐवजी दोन नॅनोमीटर निघते. अडीच पटींची चूक, आणि ती तक्त्यात कुठेही बोंब मारत नाही. खरी धारकता अशी काढायची:

```
C = (R^(1-n) · Q)^(1/n)
```

याचा अर्थ साध्या भाषेत इतकाच, की दबलेल्या अर्धवर्तुळाच्या शेंड्याची वारंवारता आणि व्यास घ्या आणि पहिल्याच सूत्रात टाका. n फारच कमी, ०.८ च्या खाली गेला, तर मी त्या धारकतेवरून नॅनोमीटर काढत बसत नाही. तिथे बहुधा दोन वेगळ्या गोष्टी एका अर्धवर्तुळात दडलेल्या असतात.

दुसरी अडचण तारांची. कणाची धारकता जेमतेम दहा पिकोफॅरड आहे हे लक्षात घ्या. नमुना धरणारी पट्टी, भट्टीत जाणाऱ्या दोन शेजारच्या तारा, यांचीही आपापसात काही पिकोफॅरड धारकता असते आणि ती पेलेटला समांतर जोडली जाते. एकदा माझ्या कणाच्या अर्धवर्तुळाचा शेंडा ३३० ऐवजी २१७ किलोहर्ट्झला आला. रोध तोच, ५० किलोओहम. धारकता निघाली १४.६५ पिकोफॅरड आणि तिच्यावरून परावैद्युत स्थिरांक ४२. झिर्कोनियासाठी हा आकडा पंचविशी-तिशीच्या घरात असायला हवा. पहिल्या पेलेटचे ९.६५ पिकोफॅरड २७.८ देतात, ते बरोबर बसतं. ४२ बघून नवा पदार्थ सापडला असं वाटून घेण्याआधी होल्डर रिकामा ठेवून मोजला. रिकाम्या होल्डरचीच धारकता पाच पिकोफॅरड निघाली. ती वजा केली की सगळं जागच्या जागी. तेव्हापासून कणाच्या अर्धवर्तुळातून आधी परावैद्युत स्थिरांक काढायचा आणि मगच पुढे जायचं, ही सवय लागली. सीमेवर याचा परिणाम होत नाही, कारण १.४ किलोहर्ट्झला पाच पिकोफॅरडचा अडथळा वीस मेगाओहमच्या वर असतो, ८० किलोओहमच्या शेजारी तो दिसतही नाही. पण सीमेची जाडी धारकतांच्या गुणोत्तरातून येते, म्हणून ही घाण तिथे मागच्या दाराने शिरते: पाचाचे जवळपास आठ नॅनोमीटर होतात.

तिसरी गोष्ट तापमानाची, आणि ती सगळ्यात जास्त दुर्लक्षित. ३०० अंशांपाशी झिर्कोनियाची वाहकता एका अंशाला जवळजवळ ४ टक्क्यांनी बदलते. एक स्वीप कमी वारंवारतेपर्यंत न्यायला काही मिनिटं जातात. तेवढ्यात भट्टी दोन अंश सरकली, तर डावं अर्धवर्तुळ एका तापमानाचं आणि उजवं दुसऱ्याच, असा जोड-आलेख तयार होतो. तपासायचा सोपा उपाय म्हणजे स्वीप एकदा वरून खाली आणि लगेच खालून वर घ्यायचा. दोन्ही एकमेकांवर बसले नाहीत तर भट्टीला अजून वेळ द्या.

समजा आलेख स्वच्छ आला, फिटही बसला. तरी दुसरं अर्धवर्तुळ सीमेचंच आहे हे सिद्ध झालेलं नसतं. फिट बसणं हा पुरावा नाही, पुरेसे रोध आणि सीपीई घातले तर हत्तीचं चित्रही फिट बसतं. पेलेटमध्येच काहीतरी बदलून बघावं लागतं. जाडी बदलली तर कण आणि सीमा दोन्हींचे रोध त्या प्रमाणात बदलायला हवेत, इलेक्ट्रोडचा बदलायला नको. इलेक्ट्रोडला ओळखायची आणखी एक युक्ती म्हणजे डीसी बायस. पेलेटवर एक व्होल्ट टाका. सगळा दाब सीमांवरच पडला असं धरलं तरी तो हजार सीमांत वाटला जातो, म्हणजे एकेका सीमेच्या वाट्याला फार तर एक मिलिव्होल्ट. ३०० अंशांना उष्णतेचा स्वतःचाच दाब ४९ मिलिव्होल्टचा असतो, त्यापुढे एक मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही. सीमेचं अर्धवर्तुळ जसंच्या तसं राहतं. इलेक्ट्रोड मात्र दोनच आहेत, त्यांच्या वाट्याला भरपूर येतं आणि त्यांची शेपटी लगेच आकार बदलते.

पण खरी कसोटी कणांचा आकार बदलण्याची. तीच पावडर जास्त वेळ सिंटर करून चार मायक्रॉनचे कण केले, तर वाटेतल्या सीमा निम्म्या होतात. मग सीमेचा रोध ३० वरून १५ किलोओहमवर यायला हवा, धारकता उलट ३.८ वरून ७.६ नॅनोफॅरडवर, आणि शेंडा तिथल्या तिथे १.४ किलोहर्ट्झला राहायला हवा. कणाचं अर्धवर्तुळ जागचं हलायला नको. असं घडलं तर निःशंक व्हा. रोध कमी झाला पण शेंडाही सरकला, तर सीमांची संख्याच बदलली असं नाही, सीमा स्वतःही बदलल्या. झिर्कोनियात याचं नेहमीचं कारण सिलिका. कच्च्या पावडरीतली थोडीशी सिलिका सिंटरिंगमध्ये सीमांवर जाऊन बसते. कण मोठे झाले की सीमांचं एकूण क्षेत्रफळ घटतं, आणि तेवढीच सिलिका कमी जागेत दाटते. म्हणजे सीमा संख्येने कमी पण एकेक जास्त चिवट.

ही सगळी पद्धत एका मर्यादित खिडकीतच चालते. पेलेट जिथे प्रत्यक्ष वापरायची, त्या सहाशे-सातशे अंशांना जाऊन बघा. ६०० अंशांना कणाचा रोध ५० किलोओहमवरून चाळीस ओहमच्या खाली येतो आणि शेंडा ३३० किलोहर्ट्झवरून ४५० मेगाहर्ट्झच्या आसपास पळतो. नेहमीचं यंत्र एक मेगाहर्ट्झला, फार तर दहा मेगाहर्ट्झला थांबतं. सीमेचा शेंडासुद्धा काही मेगाहर्ट्झवर पोचलेला असतो, आणि त्या पट्ट्यात भट्टीतल्या लांब तारांचं इंडक्टन्स बोलायला लागतं. एक मायक्रोहेन्रीचे एका मेगाहर्ट्झला सहा ओहमपेक्षा जास्त होतात, चाळीस ओहमांत सहा म्हणजे थोडंथोडकं नाही. आलेखाचं डावं टोक अक्षाच्या खाली बुडालेलं दिसलं की समजायचं, तारा बोलतायत. तिथे कण आणि सीमा वेगळे काढल्याचा दावा कुणी केला, तर मी तो फिट बघितल्याशिवाय मान्य करत नाही. प्रामाणिक मार्ग एकच: साधारण २५० ते ४०० अंशांमध्ये दोन्ही वेगवेगळे मोजायचे, तापमानाबरोबर ते कसे बदलतात त्याची रेघ काढायची आणि वरच्या तापमानाला रेघ लांबवून अंदाज बांधायचा. वर मोजता येते ती फक्त बेरीज, आणि रेघांची बेरीज तिच्याशी जुळते का ते तपासता येतं.

या रेघांच्या उतारातून आणखी एक गोष्ट कळते, आणि माझ्या मते पाच नॅनोमीटरचा अर्थ तिथे लागतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून स्वच्छ झिर्कोनियाची कणसीमा बघितली तर अणूंची मांडणी विस्कटलेला पट्टा एक नॅनोमीटरच्या आसपासच असतो, आणि कित्येक सीमांवर काचेचा थर नसतोही. मग आलेख पाच का सांगतो? कारण आयनांना अडवणारी सीमा आणि डोळ्यांना दिसणारी सीमा एक नाही. सीमेच्या गाभ्यावर धन प्रभार साठतो. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, ज्यांच्यामुळे ऑक्सिजन सरकतो, त्याही धन प्रभाराच्याच असतात. त्यामुळे गाभ्याच्या दोन्ही बाजूंना काही नॅनोमीटरपर्यंत त्या दूर ढकलल्या जातात आणि तिथे वाहून न्यायला कुणी उरतच नाही. अडथळा पदार्थ बदलल्याचा नाही, वाहक हटल्याचा आहे. असं असेल तर सीमेच्या रेघेचा उतार कणाच्या रेघेपेक्षा थोडा जास्त तीव्र येतो, कारण आयनाला नेहमीच्या उडीबरोबर हा प्रभाराचा चढही चढावा लागतो.

उलट, सीमांचा बराचसा भाग न वाहणाऱ्या काचेने झाकलेला असेल आणि आयन उघड्या राहिलेल्या तुकड्यांतून दाटीवाटीने जात असतील, तर दोन्ही रेघा जवळजवळ समांतर निघतात. वाट अरुंद झाली, पण वाटेतला पदार्थ कणाचाच राहिला. अशा पेलेटमध्ये विटांचं मॉडेल कोसळतं. वरच्या सूत्राने सीमेची वाहकता निघेल, जाडीही निघेल, पण त्या आकड्यांना अर्थ नसेल, कारण एकसंध पापुद्रा तिथे नाहीच. म्हणून मी सीमेची वाहकता छापण्याआधी दोन्ही रेघा एकाच कागदावर काढून बघतो. समांतर दिसल्या की त्या पेलेटसाठी फक्त रोध लिहितो, वाहकतेचा रकाना कोरा ठेवतो.